१४० सेकंदांची वीज

आज एका विजेची गोष्ट सांगतो. ही वीज आकाशात चमकली नाही. ती चमकली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान्ता बार्बरा इथल्या मानसशास्त्र विभागात, संगणकाच्या पडद्यावर, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. रिचर्ड मेयर नावाचे प्राध्यापक आणि त्यांची तेव्हाची विद्यार्थिनी रोक्साना मोरेनो यांनी एक छोटंसं अ‍ॅनिमेशन वापरलं होतं. वीज कशी तयार होते ते सांगणारं. साधी रेषाचित्रं, मागे एक शांत आवाज, आणि लांबी १४० सेकंद. बस्स.

आज बघायला घेतलं तर हसू येईल इतकं साधं. पण ऑनलाइन विद्यार्थ्यांसाठी स्लाइडवरच्या लेक्चरचा व्हिडिओ करताना एका दृश्यात किती भरायचं, याबद्दल आपल्याला जे थोडंफार खात्रीने माहीत आहे, त्यातलं बरंचसं या १४० सेकंदांतून आलंय.

आधी स्लाइड या प्रकाराकडे बघू. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं, फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीकडून, फक्त मॅकिन्टॉशसाठी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १.४ कोटी डॉलर्सला विकत घेतली. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं तेव्हा समोरचं गिऱ्हाईक होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शिका ठेवून बोलणारा माणूस. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो. पारदर्शिकेवर सगळं एकाच वेळी दिसतं. सात मुद्दे, एक आकृती, कोपऱ्यात तक्ता. तरी समोरच्याला कळायचं, कारण बोलणाऱ्याच्या हातात पट्टी असायची. तो तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवायचा, मग आकृतीतल्या बाणावर, मग परत खाली. मध्येच थांबून "कळलं का?" म्हणायचा. म्हणजे स्लाइड कधीच पूर्ण वस्तू नव्हती. अर्धी वस्तू पडद्यावर आणि अर्धी त्या बोटात.

आता हीच स्लाइड रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकली की काय होतं? आवाज जातो, मुद्दे जातात, बोट मागे राहतं. पाहणारा बिचारा आवाजातलं वाक्य आणि पडद्यावरची जागा यांची जोडी स्वतः लावत बसतो, आणि ती लागेपर्यंत आवाज पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

बरं, मग लोक म्हणतात की अ‍ॅनिमेशन टाकू! पॉवरपॉइंट २०१० पासून स्लाइड शोचा थेट व्हिडिओ करता येतो, त्यामुळे हा मोह फार सोपा झालाय. मुद्दे उडत येतात, बाण फिरतात, ढग सरकतो. आणि पाहणाऱ्याचं काम आणखी वाढतं, कारण स्थिर आकृतीकडे निदान परत बघता यायचं. हलणारी गोष्ट निघून जाते.

आता वळू सान्ता बार्बराकडे. मेयर आणि मोरेनो यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला अ‍ॅनिमेशनसोबत आवाज ऐकवला, दुसऱ्याला तेच शब्द पडद्यावर मजकूर म्हणून दाखवले. आवाजवाल्या गटाला जास्त समजलं. कारण सरळ आहे: डोळे दोनच, आणि ते एकाच वेळी ढगही बघू शकत नाहीत आणि ओळही वाचू शकत नाहीत. मग कोणीही म्हणेल की दोन्ही देऊ, आवाजही आणि मजकूरही. २००१ साली मेयर, हायझर आणि लॉन यांनी तेही करून बघितलं. आवाज सुरू असताना तेच शब्द खाली लिहून दाखवले, तर समज कमी झाली. आपण स्लाइडचे व्हिडिओ करताना नेमकं हेच करतो की नाही? मुद्दा लिहिलेला, आणि बाई किंवा सर तोच वाचून दाखवताहेत.

पण माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रयोग तिसरा. २००१ सालचाच, मेयर आणि ऑस्ट्रेलियातले पॉल चँडलर यांचा. त्यांनी त्या १४० सेकंदांचे १६ तुकडे केले. प्रत्येक तुकडा साधारण आठ-दहा सेकंदांचा, त्यात एक किंवा दोन वाक्यं आणि चित्रात एकच बदल. तुकडा संपला की अ‍ॅनिमेशन थांबायचं आणि पाहणारा बटण दाबेपर्यंत पुढे जायचं नाही. दुसऱ्या गटाला तेच सगळं सलग दाखवलं. आशय तोच, शब्द तेच, चित्रंही तीच. फरक फक्त थांब्यांचा.

नंतर प्रश्न विचारले, आणि खरी गंमत त्या प्रश्नांत आहे. "वीज तयार होण्याच्या पायऱ्या सांगा" एवढ्यावर ते थांबले नाहीत. आकाशात ढग आहेत पण वीज चमकत नाही, असं का होत असेल? विजेचा जोर कमी करायचा तर काय करता येईल? असे प्रश्न, ज्यांचं उत्तर अ‍ॅनिमेशनमध्ये कुठेच थेट दिलेलं नाही. तुकड्यातुकड्याने पाहणाऱ्यांनी यांची उत्तरं जास्त चांगली दिली.

का, याचं उत्तर जुनंच आहे. आपली तात्पुरती आठवण फार लहान असते. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात ती शिकवण्याशी जोडली आणि त्यावरच्या भाराचा सिद्धांत मांडला. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर बफर लहान आहे आणि पुढचं पॅकेट आधीचं वाचून व्हायच्या आत आलं की आधीचं पडतं. फरक इतकाच, की इथे पाठवणाऱ्याला पॅकेट पडल्याचा निरोप मिळत नाही :)

इतिहास एवढा पुरे. आता एक प्रत्यक्ष स्लाइड उलगडून बघू, योगायोगाने विजेचीच.

माझी मावसबहीण एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. तिच्या बाहेरगावच्या मुलांसाठी तिला "वीज कशी निर्माण होते" या लेक्चरचा व्हिडिओ हवा होता. आधीच्या वर्षी तिने स्लाइड आणि आवाज असं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. मुलांनी पायऱ्या पाठ करून लिहिल्या, पण "सगळ्याच पावसाळी ढगांत वीज का नसते?" यावर वर्गातली मुलं बोलली आणि व्हिडिओवाली गप्प बसली. तिला ते लागलं होतं. "माझी वर्गातली पोरं हुशार आणि ती ढ, असं कसं असेल रे?" असं म्हणाली.

स्लाइड एकच. वर शीर्षक, खाली सात मुद्दे, उजवीकडे ढगाची आकृती, तिच्यात अधिक-उणेची चिन्हं आणि पाच बाण, कोपऱ्यात विजेचा फोटो. यावर ती नऊ मिनिटं बोलते. तिच्या कॉलेजातल्या एका उत्साही मुलाने याचं अ‍ॅनिमेशन करून आणलं होतं. दिसायला झकास! पण पहिल्याच वीस सेकंदांत ढग वाढत होता, बाण वर जात होते, बर्फाचे कण चमकत होते, डावीकडून मुद्दे उडत येत होते आणि मागे सतार. मी आवाज बंद करून एकाच वेळी हलणाऱ्या गोष्टी मोजल्या. चार.

आम्ही तो मसुदा बाजूला ठेवला आणि स्लाइडही बंद केली. सुरुवात तिच्या बोलण्यापासून केली. वर्गात ती नऊ मिनिटं जे बोलते ते जसंच्या तसं लिहून काढलं, "हां, तर मग" सकट. मग प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न: हे वाक्य ऐकल्यावर चित्रात काय बदलतं? काही बदलत असेल तर ते दृश्य. काहीच बदलत नसेल तर ते वाक्य एकतर किस्सा, नाहीतर पुनरुक्ती, नाहीतर नाव. हा प्रश्न साधा वाटतो, पण पूर्ण दुपार गेली. शेवटी बारा बदल निघाले. सात मुद्द्यांच्या पोटात बारा बदल होते. स्लाइडवरचा तिसरा मुद्दा एकटाच चार बदल गिळून बसला होता: "तापमान ०° से. खाली गेल्याने हिमकण तयार होऊन त्यांच्या घर्षणाने विद्युतभार विलग होतात". वर्गात तिचं बोट हे चार तुकडे करायचं. रेकॉर्डिंगमध्ये ते एका श्वासात गेले होते.

मग दोन रकान्यांची वही. डावीकडे दिसणारं, उजवीकडे ऐकू येणारं. ही काही माझी शक्कल नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संहिता अशाच लिहितात, एका रकान्यात पडद्यावरची कृती आणि शेजारी निवेदन. फायदा असा की निवेदन मराठीत किंवा तमिळमध्ये बदललं तरी डावा रकाना तसाच राहतो. आमच्यासाठी फायदा वेगळा होता. डाव्या रकान्यात दोन क्रियापदं आली की दृश्य फोडायचं, हा नियम डोळ्यांना लगेच दिसतो.

तो तिसरा मुद्दा आता असा झाला. चौथं दृश्य: ढग स्थिर, त्याच्या मध्यातून एक तुटक आडवी रेषा आखली जाते. आवाज: "या उंचीच्या वर तापमान शून्याखाली असतं. ढगाचा माथा त्या रेषेच्या वर गेलाय." पाचवं: रेषेच्या वर कण दिसू लागतात, थोडे हलके हिमकण आणि थोडे जड, मऊ गारांसारखे. सहावं: दोनच कण मोठे करून दाखवले, त्यांची टक्कर होते आणि एकावर अधिक, दुसऱ्यावर उणे उमटतं. सातवं: हलके कण हवेच्या झोताने वर जातात, जड खाली राहतात. आवाज: "म्हणून वरचा भाग अधिक आणि खालचा उणे." झालं. चारही दृश्यांत बाकी सगळं फिकट करड्या रंगात आणि जे बदलतंय तेवढंच गडद. गेलेलं बोट परत आणायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. झूम, चकाकी, फिरणारा बाण यांची गरज पडली नाही.

पडद्यावर मजकूर किती ठेवायचा? पूर्ण वाक्य एकही नाही. पण नवा शब्द आला की तो एकदा, दोन-तीन शब्दांत, त्या वस्तूला चिकटून लिहिला: "गोठणपातळी", "हिमकण". २००८ साली मेयर आणि जॉन्सन यांच्या प्रयोगात अशा छोट्या नावांनी समज बिघडली नाही, उलट आठवण सुधारली. आपल्या मुलांना तर याची जास्त गरज, कारण शब्द ऐकून लिहिता आला पाहिजे परीक्षेत. उपशीर्षकं मात्र हवीतच, ज्याला ऐकू येत नाही किंवा भाषा नवीन आहे त्याच्यासाठी. फक्त ती चालू-बंद करता यावीत, चित्रात भाजून टाकू नयेत.

आवाज आधी रेकॉर्ड करायचा आणि चित्र नंतर बेतायचं. उलट केलं तर निवेदक अ‍ॅनिमेशनच्या मागे धावतो. प्रत्येक दृश्याची वेगळी फाइल ठेवली की लांबी लगेच बघता येते:

```
for f in drishya*.wav; do
  echo "$f $(ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 "$f")"
done
```

ज्या फाइलपुढे पंधराच्या वर सेकंद दिसले ती पुन्हा वाचली. दरवेळी तिथे एक "आणि त्यामुळे" सापडला, आणि तिथेच दृश्य तुटत होतं. पंधरा हा आकडा कुठल्या प्रयोगातला नाही, आमच्या सोयीचा आहे. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा थोडं ऐसपैस बसतं म्हणून सान्ता बार्बराच्या आठ-दहापेक्षा सैल ठेवला.

आता थांब्यांचं काय? मेयर-चँडलर यांच्याकडे बटण होतं. साध्या व्हिडिओत ते नसतं. म्हणून प्रत्येक दृश्याच्या शेवटी चित्र दोन सेकंद गोठवलं, आवाज पूर्ण शांत. तिला ही शांतता फार लांब वाटली. बनवणाऱ्याला ती नेहमीच लांब वाटते, कारण त्याला पुढचं माहीत असतं. आणि सगळं एकाच लांब फाइलमध्ये न ठेवता तीन भाग केले: ढग कसा वाढतो, भार कसे वेगळे होतात, वीज कशी पडते. प्रत्येक भाग एका मिनिटाच्या आत.

खरी लढाई मात्र म्हशीवरून झाली. बहिणीच्या सासरी, बऱ्याच वर्षांपूर्वी, झाडाखाली बांधलेली म्हैस विजेने गेली. हा किस्सा ती लेक्चरच्या सुरुवातीला रंगवून सांगते. मुलं कान टवकारतात. तो काढायला ती तयार नव्हती, आणि तिचं चुकतही नव्हतं. वर्गात त्याने लक्ष बांधलं जातं. पण १९९८ साली हार्प आणि मेयर यांनी नेमकं हेच तपासलं होतं, विजेच्याच धड्यावर: असे चटकदार पण साखळीबाहेरचे तपशील टाकले की मुख्य कारणं कमी आठवतात. सुरुवातीला टाकले तर नुकसान जास्त, शेवटी टाकले तर कमी. कारण सुरुवातीचा किस्सा पाहणाऱ्याला चुकीची खुंटी देतो. तो पुढचं सगळं "म्हैस कशी मेली" या खुंटीला टांगत बसतो.

पण म्हशीचा किस्सा साखळीबाहेरचा आहे का? नववं दृश्य बघा. ढगातून उणे भाराची वाट पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते आणि ती जवळ आली की जमिनीवरच्या उंच वस्तूंमधून अधिक भाराची वाट वर निघते. उंच वस्तू म्हणजे झाड! मग म्हैस तिसऱ्या भागानंतर वेगळ्या चाळीस सेकंदांच्या फाइलमध्ये गेली, प्रश्न म्हणून: झाडाखालीच का? तोपर्यंत मुलांकडे उत्तर असतं. हा तोडगा तिला पटला, मला तर फारच आवडला.

दहावं दृश्य हे एकमेव, जिथे अ‍ॅनिमेशनवाचून खरोखर अडलं असतं. आपल्याला दिसणारा लखलखाट वरून खाली येत नाही. दोन वाटा जुळल्या की तेजस्वी झोत जमिनीकडून वर धावतो. हे स्थिर चित्रात बाण काढून सांगता येतं, पण पटत नाही. दृश्य दहापट नव्हे, हजारोपट सावकाश दाखवलं आणि आवाज आधी संपवून मग झोत वर जाऊ दिला. बाकी बऱ्याच दृश्यांना हालचालीची गरजच नव्हती. पहिली तीन तर सरळ स्थिर चित्रं ठेवली. २००२ साली बार्बरा ट्वेर्स्की आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनिमेशनवरचे तोवरचे अभ्यास चाळले आणि असं दाखवलं की स्थिर चित्राला तितकीच माहिती दिली तर अ‍ॅनिमेशनचा फायदा सहसा उरत नाही. चांगली स्थिर चित्रं बनवायला एक दुपार लागते, अ‍ॅनिमेशनला आठवडा. तेव्हा हिशोब मांडूनच काय ते ठरवावं.

एकूण नऊ मिनिटांचे झाले दोन मिनिटं चाळीस सेकंद, अधिक म्हैस.

या सगळ्याला मर्यादा आहेत. सान्ता बार्बराच्या प्रयोगांत बहुतेक विद्यार्थी असे घेतले होते ज्यांना हवामानाचं फारसं ज्ञान नव्हतं. ज्याला विषय येतो त्याला इतके बारीक तुकडे चक्क त्रास देतात. हे कल्युगा, स्वेलर वगैरे मंडळींनी २००३ साली नीट मांडलंय. म्हणजे बी.एस्सी.च्या मुलांना हाच व्हिडिओ दाखवला तर ते दुप्पट वेगाने पळवतील, आणि बरोबरच करतील.

दुसरी गोष्ट, "सहा मिनिटांच्या वर व्हिडिओ नको" हा जो मंत्र सगळीकडे ऐकू येतो, तो २०१४ सालच्या एका अभ्यासातून आला. गुओ, किम आणि रुबिन यांनी एडेक्सच्या चार अभ्यासक्रमांतल्या ८६२ व्हिडिओंची ६९ लाख सत्रं तपासली. पण त्यांनी मोजलं ते मुलं किती वेळ बघतात हे, किती शिकतात हे नाही. आणि त्यातच एक गोष्ट होती जी कोणी फारशी सांगत नाही: वर्गातलं लेक्चर नुसतं छोट्या फाइलींत कापून टाकलं, तर ते ऑनलाइनसाठी मुद्दाम बनवलेल्या व्हिडिओइतकं बघितलं जात नाही. कात्रीने काम होत नाही, संहिता नव्याने लिहावी लागते.

बिघडलंय हे कसं ओळखायचं? आलेखात. यूट्यूबवर व्हिडिओच्या कुठल्या सेकंदाला लोक परत मागे जातात ते दिसतं. किम आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडेक्सच्या व्हिडिओंत अशी शिखरं शोधली, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त शिखरांच्या आसपास पडद्यावरचं दृश्य बदललेलं होतं. मुलांचं बघून व्हायच्या आत चित्र निघून जाणं हे त्यामागचं एक कारण असू शकतं. बहिणीच्या आलेखात दोन शिखरं आली. एक सहाव्या दृश्यावर, टकरीच्या. तिथे अधिक आणि उणे एकदमच उमटत होते. ते एकामागून एक केले आणि गोठवलेले दोन सेकंद चार केले, तर शिखर बसलं. दुसरं दहाव्या दृश्यावर. तिने मुलांना विचारलं, काय समजत नाही? समजतं हो बाई, ती म्हणाली, पण वीज खालून वर जाते हे खरं वाटत नाही, म्हणून परत बघतो. ते शिखर तिने तसंच ठेवलंय.